‘ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर?’

वाचकाचे पत्र

मी एका रुग्णालयात तीन वर्षांपासून दुभाषी म्हणून काम करते. गेल्या आठवड्यात साठीच्या एका मावशींबरोबर मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात होते. गोळ्यांनी साखर आटोक्यात येत नसल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन सुरू करायला सांगितले. डॉक्टर संगणकावर काही लिहीत असताना मावशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर घेतलं असतं का हो?’ माझ्या वडिलांना इन्सुलिनने चांगला गुण आला आहे, म्हणून मी ‘हो, घ्या, काही होत नाही’ असे सांगितले. त्यांनी मान डोलावली, मग डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. आमचे हे बोलणे मी डॉक्टरांना सांगितले नाही. प्रशिक्षणात तटस्थ राहायला शिकवले होते हे मला ठाऊक आहे. पण इतक्या विश्वासाने विचारणाऱ्या बाईला ‘मी सांगू शकत नाही’ असे म्हणणे मला निष्ठुरपणाचे वाटते. शिवाय मी डॉक्टरांच्या विरुद्ध काहीच बोलले नाही. मग माझे चुकले का? आणि पुन्हा कोणी असे विचारले तर काय करावे?

उत्तर

डॉक्टरांच्या विरुद्ध न बोलणे म्हणजे तटस्थ राहणे, असे आपल्यापैकी बरेच जण धरून चालतात, आणि म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याच्या उलट काही सांगितले तर ती ढवळाढवळ झाली, हे कोणालाही पटते. पण त्याच दिशेने सांगितले तर ती मदत ठरते, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. प्रत्यक्षात दोन्ही वेळा तराजूच्या एका पारड्यात आपण आपले वजन टाकलेले असते. त्या मावशींनी मान डोलावली, ती कशाला डोलावली? डॉक्टरांनी त्यांच्या तपासण्या पाहून दिलेल्या सल्ल्याला, की तुमच्या वडिलांच्या अनुभवाला? डॉक्टरांनी ती मान पाहिली आणि रुग्णाला समजले, रुग्णाची संमती आहे, असा अर्थ घेऊन चिठ्ठी लिहिली. त्या संमतीमागे एक प्रश्न होता आणि त्या प्रश्नाला तिसऱ्याच माणसाने उत्तर दिले होते, हे खोलीतल्या तिघांपैकी फक्त दोघींना ठाऊक होते.

आता तुमच्या उत्तरातले शब्द जरा जवळून पाहू. ‘काही होत नाही’ हे आपल्या भाषेत धीर देण्यासाठी सहज वापरले जाते आणि तुम्हीही ते त्याच भावनेने वापरले असणार. परंतु इन्सुलिन सुरू करताना डॉक्टर किंवा परिचारिका रुग्णाला एक गोष्ट हमखास सांगतात, ती म्हणजे साखर एकदम उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, डोके सुन्न होऊन गोंधळल्यासारखे वाटणे ही तिची लक्षणे आहेत, आणि ती दिसताच साधारण १५ ग्रॅम साखर लगेच पोटात जावी आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी, असे शिकवले जाते. ही सूचना तुम्ही त्या दिवशी अगदी बिनचूक पोचवली असेल. तरीही तिच्या आगेमागे, आपल्या माणसाच्या आवाजात, ‘काही होत नाही’ हे शब्द कानावर पडले, की मनात तेच राहतात. रात्री दोन वाजता थरथर सुटली तर ‘अशक्तपणा आला असेल’ म्हणून मावशी पांघरूण ओढून पडून राहतील, ही शक्यता त्या एका वाक्याने वाढली. तुम्ही डॉक्टरांशी सहमत होतात, तरीही त्यांनी दिलेली सूचना तुमच्याकडून नकळत पुसली गेली असण्याचा संभव आहे.

अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात दुभाषीच्या मदतीने झालेल्या १३ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ३९६ चुका सापडल्या, म्हणजे एका भेटीत सरासरी ३१, आणि त्यांपैकी ६३ टक्के चुकांचा उपचारावर परिणाम होऊ शकला असता. सर्वांत जास्त चुका काही तरी गाळल्याच्या होत्या, पण दहापैकी एक चूक अशी होती, की दुभाषीने आपले स्वतःचे मत रुग्णाचे किंवा डॉक्टरांचे म्हणून घुसडले होते. तुमच्या प्रसंगात गाळणे आणि घालणे या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात झाल्या. मावशींचा प्रश्न गाळला गेला आणि तुमचे उत्तर घातले गेले. यांतली पहिली गोष्ट मला दुसरीपेक्षा गंभीर वाटते. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, म्हणून तिच्यासाठी मी थोडी जास्त जागा घेते.

‘तुम्ही माझ्या जागी असता तर?’ असे विचारणारा माणूस फार क्वचित खरोखर दुसऱ्याचे मत मागत असतो. बहुतेक वेळा त्याला कसली तरी भीती वाटत असते आणि ती डॉक्टरांपुढे मांडायला त्याला संकोच वाटत असतो. तुमच्या मावशींना कसली भीती होती हे मला माहीत नाही, आणि त्यांना विचारले न गेल्यामुळे ते तुम्हालाही माहीत नाही. पण इन्सुलिनच्या बाबतीत मी स्वतः ज्या भीती वारंवार ऐकल्या आहेत, त्यांतली एक घेऊन हा प्रसंग पुन्हा मांडून पाहू. समजा, मावशींनी प्रश्न विचारला आणि तुम्ही उत्तर देण्याऐवजी तो डॉक्टरांपर्यंत पोचवला. डॉक्टरांनी टंकलेखन थांबवून खुर्ची वळवली आणि विचारले, ‘इन्सुलिनची तुम्हाला कशाची काळजी वाटते?’ मावशी थोडा वेळ पदराशी चाळा करत बसल्या आणि मग म्हणाल्या, ‘माझ्या दिरांना सुई लावली, आणि वर्षाच्या आत त्यांचा पाय कापला.’

या एका वाक्याने सगळी भेट बदलते. डॉक्टर आता सांगू शकतात, की पाय जातो तो इन्सुलिनमुळे जात नाही. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा बधिर होतात, रक्तपुरवठा कमी होतो, झालेली जखम कळत नाही आणि ती चिघळते. इन्सुलिन बऱ्याच जणांना फार उशिरा, असे नुकसान होऊन गेल्यावर सुरू केले जाते, म्हणून घरच्यांना दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ दिसतात आणि पहिलीमुळे दुसरी झाली असे वाटते. डॉक्टर मावशींना तिथेच बूट काढायला लावून पायांची तपासणी करू शकतात. रात्री एकदाच घ्यायच्या इन्सुलिनची सुरुवात बहुधा १० युनिट इतक्या थोड्या मात्रेने होते आणि सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेवरून ती हळूहळू वाढवतात, हे ऐकून कदाचित मावशींचा जीव भांड्यात पडेल. किंवा पडणारही नाही. त्या म्हणतील, मला सुई नकोच, आणि डॉक्टर दुसरे औषध जोडण्याचा विचार करतील, किंवा काही दिवस विचार करायला देऊन पुन्हा बोलावतील. यांतले काहीही झाले तरी निर्णय मावशींचा आणि डॉक्टरांचा असेल. तुम्ही ‘हो, घ्या’ म्हणालात तेव्हा हे सगळे बोलणे सुरू होण्याआधीच संपले, आणि मावशी ती भीती तशीच घेऊन घरी गेल्या. इन्सुलिनची चिठ्ठी घेऊन गेलेले, पण एकदाही न टोचलेले रुग्ण मी पाहिले आहेत. पुढच्या भेटीत साखर तितकीच दिसते, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि का वाढवावी लागली हे कोणालाच कळत नाही.

म्हणून ‘उत्तर द्यावे की नकार द्यावा’ असा पेच तुम्ही मांडला आहे, त्याच्या मांडणीलाच माझी हरकत आहे. नकार देणे मलाही निष्ठुरपणाचे वाटते, आणि ‘मी सांगू शकत नाही’ एवढेच म्हणून गप्प बसणे हे तटस्थतेत बसतही नाही, कारण त्यातही प्रश्न डॉक्टरांपर्यंत पोचत नाही. तिसरा मार्ग आहे आणि तो दुभाषीच्या मूळ कामातच आहे: प्रश्नाचा अनुवाद करणे. अमेरिकेतील आरोग्यसेवा दुभाषींच्या राष्ट्रीय परिषदेने २००४ साली जी आचारसंहिता तयार केली, तिच्या नऊ तत्त्वांमध्ये निःपक्षपाताचे तत्त्व आहे. दुभाषीने समुपदेशन करू नये, सल्ला देऊ नये आणि स्वतःची मते पुढे करू नयेत, असे ते सांगते. त्याच यादीत अचूकता आहे आणि सर्वांचा आदर राखणेही आहे. ही तत्त्वे एकमेकांपासून तोडून वाचली की तटस्थता कोरडी वाटू लागते. एकत्र वाचली तर त्यांचे म्हणणे असे होते, की रुग्णाचा प्रश्न इतका मोलाचा आहे, की तो तुमच्यापाशी अडता कामा नये.

हा अनुवाद कसा करायचा, यात मात्र एक अडचण आहे आणि अनुभवी दुभाषीही तिथे घसरतात. एरवी आपण प्रथमपुरुषी बोलतो. रुग्ण ‘मला चक्कर येते’ म्हणाला की आपणही ‘मला चक्कर येते’ असेच डॉक्टरांच्या भाषेत म्हणतो. त्याच सवयीने ‘तुम्ही माझ्या जागी असता तर घेतलं असतं का?’ हे वाक्य जसेच्या तसे पोचवले, तर डॉक्टरांना वाटेल की प्रश्न त्यांनाच विचारला आहे. ‘ताई’ हा शब्द अनुवादात गळून पडतो आणि ‘तुम्ही’ कोण, हे बदलून जाते. शब्द बरोबर राहतात आणि अर्थ चुकतो. अशा वेळी दुभाषीने स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलावे, म्हणजे कोण बोलत आहे याबद्दल घोटाळा होत नाही. डॉक्टरांना सांगावे: ‘दुभाषी सांगत आहे: रुग्णाने आत्ता दुभाषीला विचारले, की तुम्ही माझ्या जागी असता तर इन्सुलिन घेतले असते का. दुभाषी सल्ला देऊ शकत नाही, म्हणून हा प्रश्न आपल्यापुढे ठेवत आहे.’ आणि लगेच, डॉक्टर काही बोलण्याच्या आधी, मावशींकडे पाहून त्यांच्या भाषेत: ‘मावशी, तुम्ही मला विचारलंत ते मी डॉक्टरांना सांगितलं. यावर मी माझं मत देऊ शकत नाही, पण तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर तुम्हाला त्यांच्याकडून मिळायला हवं.’

हे दुसरे वाक्य कधीही गाळू नका. ते गाळले तर मावशींना एवढेच दिसते, की आपण विश्वासाने कानात सांगितलेली गोष्ट या बाईने मोठ्याने डॉक्टरांना सांगून टाकली. तुम्हाला जो निष्ठुरपणा वाटतो तो इथे खरोखर घडू शकतो, आणि तो टाळणे आवाजावर फार अवलंबून आहे. प्रश्न पोचवताना आवाजात तक्रारीचा सूर नको. मावशी हळू बोलल्या होत्या तर तुम्हीही अवघडलेल्या माणसाचा मान राखून शांत स्वरात बोला. ‘सल्ला देण्याची आम्हाला परवानगी नाही’ असे नियमाचे वाक्य मी स्वतः टाळते. त्याने रुग्णाला आपण काही गैर विचारले असे वाटते आणि पुढचा प्रश्न तो कोणालाच विचारत नाही.

पुढची जबाबदारी डॉक्टरांची आहे, तरीही त्यांच्याकडून एक अपेक्षित अडथळा येतो. घाईत असलेले डॉक्टर हसून म्हणतात, ‘मग सांगा ना त्यांना, घ्या म्हणावं. तुमचं त्या ऐकतील.’ त्यांचा हेतू वाईट नसतो. रुग्णाचा तुमच्यावरचा विश्वास त्यांना दिसलेला असतो आणि तो उपयोगी पडावा असे त्यांना वाटते. पण या विनंतीला मान दिला, की रुग्णाच्या नजरेत तुम्ही डॉक्टरांच्या बाजूचे होता, आणि तुम्ही पोचवलेल्या पुढच्या प्रत्येक वाक्याकडे ती त्याच नजरेने पाहते. मी अशा वेळी म्हणते, ‘आपण जे सांगाल ते दुभाषी पूर्ण पोचवेल,’ आणि थांबते. ते थांबणे लांबले तरी चालते. दोघांमधली शांतता भरून काढणे हे आपले काम नाही, आणि बरेचदा त्या शांततेतच डॉक्टरांच्या लक्षात येते की आता आपल्यालाच विचारायला हवे.

याचे मोल मला माझ्याच चुकीतून कळले, म्हणून तेही लिहिते. दुभाषी म्हणून दुसऱ्याच वर्षी मी एका बाईंबरोबर शल्यचिकित्सकांकडे गेले होते. पित्ताशयात खडे होते आणि शस्त्रक्रियेची चर्चा चालली होती. डॉक्टर कागद आणायला बाहेर गेले, मी खोलीतच बसून राहिले, आणि बाईंनी विचारले, ‘करून टाकू का?’ मी म्हणाले, ‘करून टाका, हल्ली सोपी असते.’ शस्त्रक्रिया बिनबोभाट झाली, पण पोटातले दुखणे पूर्ण थांबले नाही. तसे काही जणांच्या बाबतीत होते, आणि त्या शक्यतेविषयी डॉक्टर परत आल्यावर बोललेही होते. चार महिन्यांनी बाई मला मार्गिकेत भेटल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही म्हणालात म्हणून केलं.’ डॉक्टरांनी सांगितलेले फायदे-तोटे, मी केलेला अनुवाद, संमतिपत्रावरची सही, हे सगळे होऊनही निर्णय माझ्या पाच शब्दांवर झाला होता, आणि त्या शब्दांसाठी लागणारे ज्ञान माझ्याकडे नव्हते.

या प्रसंगातली मूळ चूक उत्तर देण्याच्याही आधी झाली होती. डॉक्टर बाहेर गेले तेव्हा मीही बाहेर जायला हवे होते. रुग्ण आणि दुभाषी दोघेच खोलीत राहिले की गप्पा सुरू होतात, गप्पांतून दुखणे निघते, दुखण्यातून सल्ला निघतो. आणि रुग्णाने तेव्हा सांगितलेली एखादी गोष्ट, उदाहरणार्थ ‘गोळ्या मी मधूनमधून सोडते,’ डॉक्टरांना सांगावी की नाही, असा दुसरा पेच उभा राहतो. म्हणून डॉक्टर किंवा परिचारिका खोलीबाहेर पडताच ‘मी बाहेरच उभी आहे, डॉक्टर आले की येते’ असे सांगून बाहेर पडावे. भेटीआधी प्रतीक्षाकक्षात ओळख करून द्यावी आणि मग थोडे दूर बसावे. हे सुरुवातीला तुटकपणाचे वाटेल. पण त्यामागचे कारण आधी सांगितले तर रुग्णाला ते तसे वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

कारण सांगण्याची जागा म्हणजे भेटीच्या सुरुवातीचे अर्धे मिनिट. तुमच्या पत्रात त्या निवेदनाचा उल्लेख नाही, म्हणून तुम्ही ते करता की नाही, हे मला कळत नाही. पण घाईच्या विभागांत सर्वांत आधी तेच सुटते. रुग्णाला आणि डॉक्टरांना, दोघांच्याही भाषांत सांगावे: ‘मी दुभाषी आहे. या खोलीत जे बोलले जाईल ते सगळे मी दुसऱ्या भाषेत सांगणार आहे, त्यात मी काही घालणार नाही आणि काही गाळणार नाही. मला उद्देशून बोललेलेही मी सांगेन. जे ऐकेन ते उपचार करणाऱ्यांखेरीज बाहेर कोणाला सांगणार नाही. काही समजले नाही तर मी तुम्हाला थांबवून विचारेन.’ यातले ‘मला उद्देशून बोललेलेही’ हे वाक्य बरेच जण म्हणत नाहीत, आणि तुमच्यासारखा प्रसंग उद्भवला की नेमके तेच कामाला येते. ते आधी सांगितलेले असले, की प्रश्न पोचवणे हा विश्वासघात ठरत नाही. रुग्णाला ते माहीतच असते. बसण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. रुग्णाच्या शेजारी, किंचित मागे बसले तर डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांकडे पाहतात. दोघांच्या मधोमध बसले, की दोघेही आपल्याकडे पाहून बोलू लागतात आणि मग प्रश्नही आपल्यालाच येतात.

‘मावशी’ आणि ‘ताई’ या संबोधनांविषयी मला प्रशिक्षणात नेहमी विचारले जाते. ती सोडून ‘रुग्ण महोदया’ असे म्हणणे आपल्या भाषेत हास्यास्पद होईल, आणि समोरच्या वयस्कर बाईला मावशी म्हटल्याने तटस्थता भंगत नाही. पण या शब्दांबरोबर एक हक्क येतो, हे ओळखून असावे. भाचीने मावशीला सल्ला द्यायचा असतो, निदान धीर तरी द्यायचा असतो, अशी अपेक्षा त्या शब्दातच आहे, आणि तुम्ही ‘घ्या, काही होत नाही’ म्हणालात ते भाचीच्या नात्याने. म्हणून भेटीच्या सुरुवातीचे निवेदन मी ‘मावशी’ न म्हणता, थोड्या औपचारिक ‘आपण’ने करते, आणि मग बोलण्याच्या ओघात संबोधन येते ते येऊ देते.

आता मर्यादांविषयी, कारण तटस्थतेच्या नावाखाली दुसऱ्या टोकाला जाणारेही मी पाहिले आहेत. औषधाचे दुकान कोणत्या बाजूला आहे, पुढच्या भेटीची तारीख कुठे मिळते, हे सांगणे सल्ल्यात मोडत नाही. आणि रुग्ण काही विचारत नसला, पण डॉक्टरांचे म्हणणे त्याच्यापर्यंत वेगळ्याच अर्थाने पोचते आहे असे तुम्हाला स्पष्ट दिसत असले, तर तुम्ही बोललेच पाहिजे. तिथेही पद्धत तीच: ‘दुभाषी सांगत आहे: इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय, अशी समजूत काही कुटुंबांत असते, या रुग्णाला तसे वाटते का, हे आपण विचारून पाहावे.’ रुग्णाच्या वतीने ‘यांना तसे वाटते’ असे ठामपणे सांगू नये, कारण तो आपला अंदाज असतो. डॉक्टरांना फक्त प्रश्न सुचवावा, आणि मग आपण काय म्हणालो ते रुग्णालाही सांगावे. तुमच्या वडिलांच्या अनुभवाचा योग्य उपयोग इथे होऊ शकला असता: घरात इन्सुलिनविषयी कोणत्या शंका निघतात हे तुम्हाला आतून माहीत आहे, त्यामुळे मावशींच्या प्रश्नामागे काही तरी दडले आहे हे तुम्हाला इतरांपेक्षा लवकर ऐकू यायला हवे.

राहिला गेल्या आठवड्यातला प्रसंग. तुमचे चुकले, असे मी स्पष्टच म्हणते. ती चूक दुरुस्त होण्याजोगी आहे, पण त्याला उशीर करू नका, कारण मावशींच्या घरी या क्षणी इन्सुलिनची पेटी आहे आणि त्या ते टोचत आहेत की नाहीत, टोचत असतील तर साखर उतरल्याची लक्षणे त्यांना ओळखता येतात की नाही, हे कोणालाच माहीत नाही. मावशींना स्वतः फोन करू नका. तसे केलेत तर तुम्ही दुसऱ्यांदा सल्लागार व्हाल. तुमच्या दुभाषी सेवेच्या समन्वयकांना आजच सांगा आणि त्यांच्यामार्फत मधुमेह विभागाच्या परिचारिकेपर्यंत हा निरोप पोचवा. निरोपात समर्थन नको आणि स्वतःला दूषणे देणेही नको, घडले तेवढेच सांगा: ‘अमुक तारखेच्या भेटीत रुग्णाने मला विचारले, की मी त्यांच्या जागी असते तर इन्सुलिन घेतले असते का. मी त्याचा अनुवाद न करता हो म्हणाले आणि काही होत नाही असेही म्हणाले. रुग्णाच्या मनात शंका असण्याची शक्यता आहे आणि साखर उतरण्याविषयीची सूचना पुन्हा समजावून सांगावी लागेल.’ काही ठिकाणी अशा दुरुस्तीसाठी लेखी नमुना असतो. तो असेल तर भरून द्या.

परिचारिका बहुधा फोनवर दुभाषीच्या मदतीने मावशींशी बोलतील. तो फोन दुसऱ्या दुभाषीने घ्यावा, असे तुम्ही स्वतःच सुचवा, म्हणजे मावशींना तुमच्या पहिल्या उत्तराचा मान राखण्यासाठी ‘सगळं ठीक आहे’ असे म्हणावे लागणार नाही. त्यानंतरच्या भेटीला मात्र तुम्ही जायला माझी हरकत नाही. त्या वेळी सुरुवातीच्या निवेदनानंतर, डॉक्टरांसमोर आणि दोन्ही भाषांत, एवढे सांगा: ‘मागच्या वेळी मावशींनी मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी द्यायला नको होतं. तो प्रश्न मी आज डॉक्टरांना सांगते.’ आणि तो त्यांच्याच शब्दांत सांगा.